बाराही महिने सारखं टार्गेट नको म्हणून हंगामी निर्देशांक काढलाय, पण दिवाळी-पाडव्याचं काय करायचं?

मानसी_कृष्णाकाठ

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दुचाकीच्या शोरूममध्ये सेल्सचं सगळं कागदोपत्री काम माझ्याकडे असतं. २०२६-२७ साठी मालकांनी १८०० गाड्यांचं टार्गेट ठरवलंय. आजवरच्या पद्धतीने त्याला बाराने भागलं की महिन्याला १५० होतात. ८० टक्क्यांच्या खाली गेलं की त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह कुणालाच मिळत नाही.

यात पोरांवर अन्याय होतो आणि तो आकड्यांत स्वच्छ दिसतो. जुलै २०२४ ला टार्गेट १४५ होतं आणि गाड्या गेल्या ९५. पेरणी, पाऊस, शाळेचा खर्च, लोकांच्या हातात पैसाच नव्हता. सहाही जण रोज गावोगाव फिरले आणि हातात काही आलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरला टार्गेट तेच १४५ आणि गाड्या गेल्या २५२.

म्हणून मी हंगामी निर्देशांक काढायला घेतला. प्रत्येक वर्षाची मासिक सरासरी काढली, दर महिन्याच्या विक्रीला तिने भागलं आणि शंभरने गुणलं. मग तीन वर्षांची सरासरी घेतली. जुलै ७० च्या आसपास येतो, तिन्ही वर्षं जवळजवळ तोच. तिथे शंका नाही. अडलंय ते इथे (आकडे निर्देशांकाचे, १०० म्हणजे त्या वर्षीचा सरासरी महिना):

```
वर्ष        ऑक्टो   नोव्हें   मार्च
२०२२-२३    २२०     ७०      १४०
२०२३-२४    १४०     १५०     १०८
२०२४-२५    १८०     ९०      १४२
सरासरी     १८०     १०३     १३०
```

सरासरीप्रमाणे येत्या ऑक्टोबरला २७० आणि नोव्हेंबरला १५५ असं टार्गेट पडतं. पण तिन्ही वर्षांत इतका फरक असताना त्या सरासरीला अर्थ काय? २०२५-२६ चे आकडेही आहेत, ते धरावेत की नाही तेही सांगा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मालकांना तक्ता द्यायचाय.

रोहित_पी

एवढं करायची गरज नाही. गेल्या वर्षीचा तोच महिना घ्या आणि त्यावर १० टक्के चढवा. आमच्याकडे सगळे असंच करतात. हंगाम आपोआप त्यात येतो, कारण जुलैची तुलना जुलैशीच होते.

मानसी_कृष्णाकाठ

रोहित, जुलैला ते चालेल. पण ऑक्टोबर २०२२ ला आमच्या २६४ गाड्या गेल्या होत्या. त्यावर १० टक्के चढवले तर ऑक्टोबर २०२३ चं टार्गेट २९० होतं. गेल्या १८२. पुढच्याच महिन्याचं टार्गेट ९२ आलं असतं आणि प्रत्यक्षात १९५ गेल्या. दोन्ही महिन्यांत पोरांच्या मेहनतीचा त्या आकड्याशी काही संबंध राहिला नसता.

दत्ता_नांदेड

ताई, ऑक्टोबरसाठी गाड्या जास्त मागवून ठेवायच्या असतील तर ऑगस्टपासूनच कंपनीकडे तगादा लावा. आम्हाला गेल्या दसऱ्याला हवे ते रंग मिळालेच नाहीत. गोडाऊनचं भाडं आणि बँकेचं व्याज धरूनच स्टॉक ठरवा.

मानसी_कृष्णाकाठ

दत्ताभाऊ, स्टॉकचा विषय नाहीये. वर्षाचा आकडा बारा महिन्यांत कसा वाटायचा एवढंच विचारतेय.

दत्ता_नांदेड

बरं. पण एक ध्यानात ठेवा. गाडीच नसल्यामुळे ज्या महिन्यात विक्री पडली, तो महिना तुमच्या हिशोबात उगाच मंदीचा दिसेल.

वहीखाते

दत्ताभाऊंचा मुद्दा इथेही लागू पडतो. स्टॉकअभावी पडलेला महिना सरासरीत घ्यायचा नाही. त्या महिन्याचं बुकिंग किती झालं होतं ते बघून ठरवायचं.

मानसीताई, मी बरीच वर्षं पंखे-कूलरच्या कंपनीत विक्री नियोजनात होतो. तुमचा तक्ता बघताना आधी शेजारी पंचांग ठेवा. २०२२ मध्ये दसरा ५ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, म्हणजे दोन्ही सण एका महिन्यात आले आणि नोव्हेंबर रिकामा राहिला. २०२३ मध्ये पितृपक्ष १४ ऑक्टोबरपर्यंत चालला, दसरा २४ ला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला. २०२४ मध्ये धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरला होती आणि पाडवा २ नोव्हेंबरला, म्हणून तो आकडा मधला आलाय. तुमचा निर्देशांक डळमळीत नाही. तीन वेगळ्या पंचांगांची सरासरी काढल्यामुळे तो तसा दिसतोय. १८० चा ऑक्टोबर २०२६ मध्ये येणारच नाही.

आता ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची बेरीज करा. २९०, २९०, २७०. ती जागची फारशी हलत नाही. म्हणून आधी दोन महिन्यांचा मिळून वाटा ठरवायचा आणि मग त्या वर्षीच्या तारखा बघून तो दोघांत फोडायचा. २०२६ मध्ये पितृपक्ष १० ऑक्टोबरला संपतो, दसरा २० ला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. हे २०२३ च्या जवळचं आहे.

वाहन विक्रेत्यांची देशपातळीवरची संघटना, फाडा, सणाचे आकडे महिन्याने देत नाही. नवरात्राच्या पहिल्या दिवसापासून धनत्रयोदशीनंतर पंधरा दिवसांपर्यंत असे ४२ दिवस धरून देते. कारण हेच. इंग्रजी महिना धरला तर एका वर्षीची दिवाळी दुसऱ्या वर्षीच्या रिकाम्या महिन्याशी तोलली जाते.

फिरता_सेल्समन

मी विकणाऱ्यांच्या बाजूने बोलतो. सारख्या टार्गेटमध्ये आम्ही काय करतो ते सांगतो. ऑक्टोबरचं टार्गेट वीस तारखेलाच झालं की शेवटच्या गाड्यांची बिलं नोव्हेंबरला टाकतो. गिऱ्हाइकाला सांगतो की दोन दिवस थांबा, पासिंगला वेळ लागतोय. पुढच्या महिन्याची तेवढीच सोय. ज्याच्या घरचा हप्ता इन्सेन्टिव्हवर चालतो तो दुसरं काय करणार? तुमच्या आकड्यांत हेही मिसळलेलं असणार.

वहीखाते

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. म्हणजे सारख्या टार्गेटने जुने आकडेच वाकवले आहेत आणि त्यांच्यावरून काढलेला निर्देशांकही तेवढा वाकडा येणार. मानसीताई, हे तपासता येतं. नोव्हेंबरच्या पहिल्या तीन दिवसांची बिलं काढा आणि प्रत्येकाची बुकिंगची तारीख व फायनान्स मंजुरीची तारीख बघा. मंजुरी २५ ऑक्टोबरची, गाडी स्टॉकला उभी, बिल १ नोव्हेंबरचं, असं बऱ्याच ठिकाणी दिसलं तर ती गाडी ऑक्टोबरची धरा.

मालक कंपनीकडून आलेल्या गाड्यांचे आकडे देत असतील तर ते अजिबात वापरू नका. मार्चअखेर कंपनी गाड्या लोटते, त्या एप्रिल-मेपर्यंत शोरूममध्ये उभ्या असतात. गिऱ्हाइकाच्या नावे फाटलेलं बिल हीच विक्री.

मानसी_कृष्णाकाठ

गिऱ्हाइकाचीच बिलं घेतली आहेत. नोव्हेंबर २०२४ ची आत्ताच चाळली. १ ते ३ तारखेच्या बिलांत १३ गाड्या अशा निघाल्या ज्यांची मंजुरी आठवडाभर आधीची होती. काही खरंच पाडव्याच्या मुहूर्तासाठी थांबलेल्या असतील, सगळ्या लोटलेल्या म्हणता येणार नाहीत.

मार्चचं काय? तिथेही १४०, १०८, १४२ आहे.

वहीखाते

मार्चचं कोडं जास्त सुंदर आहे. गुढीपाडवा २०२२ मध्ये २ एप्रिलला होता, २०२३ मध्ये २२ मार्चला, २०२४ मध्ये ९ एप्रिलला, २०२५ मध्ये ३० मार्चला आणि यंदा १९ मार्चला. पुढच्या वर्षी ७ एप्रिल २०२७ ला आहे. आता एप्रिल ते मार्च असं वर्ष धरून मोजा. २०२२-२३ मध्ये दोन पाडवे आले, २०२३-२४ मध्ये एकही नाही, २०२४-२५ मध्ये पुन्हा दोन, २०२५-२६ मध्ये एक. तुम्ही ज्या वर्षाचं टार्गेट वाटताय त्या २०२६-२७ मध्ये गुढीपाडवाच नाही.

सरासरीच्या १३० ने मार्च २०२७ ला १९५ गाड्या पडतील. पाडवा नसलेला मार्च तुमच्याकडे एकच आहे, २०२४ चा, १०८. त्या हिशोबाने १६२ येतात. तीसेक गाड्यांचा फरक फक्त पंचांगाचा, आणि तो पोरांच्या माथी बसला असता. वर्षाच्या १८०० लाही याची थोडी झळ बसेल, हे मालकांच्या कानावर घाला.

रोहित_पी

पण २ एप्रिल २०२२ चा पाडवा २०२२-२३ मध्ये धरायचा कसा? मुहूर्ताला गाडी हातात हवी तर पासिंग आधी व्हायला हवं. बिलं मार्चअखेरीसच फाटली असतील.

वहीखाते

अगदी बरोबर. तो पाडवा तारखेने एप्रिलचा, बिलाने मार्च २०२२ चा. ताईंच्या एप्रिल २०२२ चा निर्देशांक म्हणूनच कमी असणार. ७ एप्रिल २०२७ ची थोडी बिलं मार्च २०२७ मध्ये येतील, म्हणून १०८ च्या जागी ११० किंवा ११२ धरायला हरकत नाही.

मानसी_कृष्णाकाठ

एप्रिल २०२२ चा ८८ आहे, २०२३ चा १०१, २०२४ चा १२८. आत्ता त्याचा अर्थ लागला. यंदा एप्रिलमध्ये पाडवा नाही, पण अक्षय्य तृतीया १९ एप्रिलला आहे. २०२३ लाही ती २२ एप्रिलला होती. म्हणजे १०१ च्या आसपास धरते.

आणि २०२५-२६ चं काय करू?

वहीखाते

निर्देशांकासाठी ते अख्खं वर्ष बाजूला ठेवा. १५ ऑगस्ट २०२५ ला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली, ३ सप्टेंबरला निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर २८ चे १८ टक्के झाले. तुमच्याकडे ऑगस्टच्या मध्यापासून लोक थांबले असणार. गणपती २७ ऑगस्टला होते तरी विक्री झाली नसेल. मग दसरा २ ऑक्टोबरला, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एकदम झुंबड.

रोहित_पी

मग ते तीन महिने वगळा आणि बाकीचे नऊ घ्या. चार वर्षांचा आधार मिळेल.

वहीखाते

तसं वाटतं, पण नको. किंमत उतरल्यावर विक्रीची पातळीच वर गेली. त्यामुळे वर्षाची सरासरी वर सरकली आणि एप्रिल ते जुलै हे किंमत उतरण्याआधीचे महिने विनाकारण मंदीचे दिसतात. वगळलेल्या तीन महिन्यांचा परिणाम उरलेल्या नऊंमध्ये राहतोच. १८०० चा आकडा योग्य आहे का, हे बघायला ते वर्ष वापरा.

तुमच्या पद्धतीत अशीच एक छोटी गोष्ट आहे. विक्री दरवर्षी सातआठ टक्के वाढत असेल तर प्रत्येक वर्षात एप्रिल तळाशी आणि मार्च वरच्या टोकाला असतो. त्यामुळे एप्रिल खऱ्यापेक्षा तीनेक टक्के कमी आणि मार्च तेवढाच जास्त दिसतो. ते काढायचं तर प्रत्येक महिन्याला त्याच्या आजूबाजूच्या बारा महिन्यांच्या सरासरीने भागतात. B2 पासून खाली सलग महिने असतील तर C8 मध्ये हे लिहा आणि खाली ओढा:

```
=(B2/2+SUM(B3:B13)+B14/2)/12
```

मग B8 ला C8 ने भागून १०० ने गुणा. बारा महिन्यांचा मध्य दोन महिन्यांच्या सांध्यावर पडतो म्हणून टोकाचे दोन अर्धे घेतलेत. पण यात सुरुवातीचे सहा आणि शेवटचे सहा महिने हातचे जातात. छत्तीस महिन्यांतून चोवीसच उरतील, म्हणजे प्रत्येक महिन्याला दोनच नोंदी. तुमच्याकडे पाडव्याने पस्तीस अंकांची उडी मारलीय, तिथे या तीन टक्क्यांसाठी एक वर्ष घालवू नका. जुनी वर्षं मिळाली तर करा.

भांडेवाले_काका

आमचं पंढरपूरला तांब्या-पितळेचं आणि चांदीच्या लहान वस्तूंचं दुकान आहे. तुम्ही सगळे दसरा-दिवाळी बोलताय, पण यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. आमच्याकडे अधिक महिना म्हणजे सगळ्यात मोठा हंगाम. जावयाला वाण, चांदीचा दिवा, तांब्याचं ताट. २०२३ ला अधिक श्रावण होता तेव्हा दिवाळीपेक्षा जास्त माल गेला. पोराने पुढच्या वर्षी त्याच महिन्यांचं टार्गेट त्यावरून लावलं आणि दुकानातल्या माणसांना विनाकारण बोलणी बसली. तीन वर्षांनी येणाऱ्या गोष्टीला महिन्याच्या सरासरीत जागाच नाही.

मानसी_कृष्णाकाठ

काका, आमच्याकडे उलटं आहे. अधिकात लग्नं नसतात आणि बरीच घरं नवीन गाडी टाळतात. मे आमचा चांगला महिना, ११२ च्या आसपास. जून ८५. तीनही वर्षांच्या मे-जूनमध्ये अधिक महिना एकदाही नव्हता, मग यंदाचं धरू काय?

फिरता_सेल्समन

आमच्या भागात पंचवीस वर्षांची पोरं अधिक-बिधिक बघत नाहीत. ऑफर बघतात. आई-वडील सोबत आले तर मात्र तारीख विचारतात.

वहीखाते

मानसीताई, २०१८-१९ चे आकडे शोरूममध्ये असतील तर शोधाच. २०१८ लाही अधिक ज्येष्ठच होता, १६ मे ते १३ जून. दसरा १८ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबर. गुढीपाडवा १८ मार्च २०१८ ला आणि मग ६ एप्रिल २०१९ ला, म्हणजे त्याही आर्थिक वर्षात पाडवा नव्हता. यंदाच्या वर्षाला पंचांगाने इतकं जवळचं दुसरं वर्ष तुम्हाला मिळणार नाही.

फक्त त्याची पातळी घेऊ नका. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला, गाडीची रस्त्यावरची किंमत एकदम वाढली, आणि त्याच सुमारास फायनान्स कंपन्यांची पैशाची तंगी सुरू झाली. सणात बाजार थंड होता. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचं एकमेकांशी प्रमाण मात्र वापरता येईल.

मानसी_कृष्णाकाठ

जुन्या संगणकात सापडले. २०१८-१९ ला एकूण १३२० गाड्या, सरासरी ११०. मे १२१, जून ७७, ऑक्टोबर १४३, नोव्हेंबर १७६. निर्देशांकात मे ११०, जून ७०, ऑक्टोबर १३०, नोव्हेंबर १६०.

म्हणजे मे जवळजवळ नेहमीसारखाच राहिला, बहुतेक १५ तारखेच्या आत लोकांनी घेऊन टाकल्या. मार बसला तो जूनला. ऑक्टोबर-नोव्हेंबरची बेरीज इथेही २९०, आणि फोड २०२३ सारखीच नोव्हेंबरकडे झुकलेली.

यावरून कच्चा तक्ता केलाय. सगळे निर्देशांक मिळून १२०० झाले पाहिजेत म्हणून थोडे खालीवर केले. १८०० भागिले १२०० म्हणजे दर अंकाला दीड गाडी.

```
महिना     निर्देशांक   टार्गेट
एप्रिल      १०३        १५५
मे          १०८        १६२
जून          ७५        ११२
जुलै         ७२        १०८
ऑगस्ट       ८०        १२०
सप्टेंबर      ७८        ११७
ऑक्टोबर    १३७        २०६
नोव्हेंबर     १५२        २२८
डिसेंबर      ८८        १३२
जानेवारी    १००        १५०
फेब्रुवारी     ९५        १४२
मार्च       ११२        १६८
```

वहीखाते

जून ७५ का? तुमच्या एकमेव अधिक ज्येष्ठात ७० आहे.

मानसी_कृष्णाकाठ

एकाच वर्षाचा आकडा आहे म्हणून ८५ आणि ७० च्या मध्ये, पण ७० कडे झुकवून धरला. फिरता_सेल्समन म्हणतात तसं आठ वर्षांत गिऱ्हाइकही बदललंय.

फिरता_सेल्समन

शोरूमचा तक्ता पटला. पण यातलं माणशी टार्गेट कसं पाडणार? आमच्यात एकाकडे ऊसपट्टा आहे. कारखान्याची बिलं जमा झाली की त्याचे डिसेंबर-जानेवारी भरतात. माझ्याकडे बाजारपेठ आणि नोकरदार. मला दिवाळीचा बोनस महत्त्वाचा. दोघांना एकच निर्देशांक लावला तर पुन्हा एकावर अन्याय.

रोहित_पी

मग प्रत्येकाचा वेगळा निर्देशांक काढा. आकडे तर आहेतच.

वहीखाते

सहा जण आणि सरासरी १५० गाड्या, म्हणजे माणशी पंचवीस. मंदीच्या महिन्यात अठरा. एवढ्या लहान आकड्यात चारपाच गाड्यांचा चढउतार नुसत्या योगायोगाने होतो. त्यातून तीन वर्षांचा माणशी निर्देशांक काढलात तर हंगामापेक्षा योगायोगच जास्त मोजला जाईल. शिवाय माणसांचे भाग मध्ये बदललेले असतात. ऊसपट्टा आणि बाजारपेठ असे दोन गट करून दोन निर्देशांक काढता येतील, त्याच्या पुढे जाऊ नका. आणि माणशी हिशोब महिन्याऐवजी तिमाहीवर करा. ऑक्टोबर ते डिसेंबर एकत्र धरले की ३१ ऑक्टोबरची बिलं पुढे ढकलायचं कारणही उरत नाही.

फिरता_सेल्समन

तिमाहीवर हिशोब म्हणजे इन्सेन्टिव्ह तीन महिन्यांनी हातात. हप्ता तर महिन्याला जातो.

वहीखाते

तो प्रश्न खरा आहे. काही ठिकाणी महिन्याला थोडी उचल देतात आणि तिमाहीला हिशोब मिटवतात. पण कुणी तिमाहीत कमी पडला तर उचल परत मागायची का, यावर भांडणं होतात. त्यावर सगळ्यांना पटेल असा तोडगा मला माहीत नाही.

मानसी_कृष्णाकाठ

शोरूमचा तक्ता मालकांना दाखवला. जुलै १०८ बघून त्यांचा पहिला प्रश्न होता, टार्गेट कमी केलं तर पोरं जुलैत हातपाय हलवतील का? मी सांगितलं की वर्षाचे १८०० तेच आहेत, जुलैचे कमी झालेले नोव्हेंबरला वाढलेत, आणि १०८ च्या ८० टक्के म्हणजे ८६ ही रेघ जुलैत पोरांना समोर दिसेल. १५० ची १२० कधी दिसलीच नव्हती. ते एप्रिल ते सप्टेंबर या तक्त्यावर चालवायला तयार आहेत. ऑक्टोबरनंतरचं सप्टेंबरअखेर पुन्हा बघू म्हणाले.

ऊसपट्टा आणि बाजारपेठ वेगळे काढायला बिलांवरचे पत्ते लावून बसावं लागेल. २०२२-२३ पासूनची बिलं काढायला घेतली आहेत. तिमाही आणि उचलीचं मात्र पोरांशी बोलून ठरवावं लागेल. कुणाकडे उचल देऊन हिशोब मिटवायची पद्धत चालू असेल तर कमी पडणाऱ्याचं काय करता, ते लिहा.